टाकीत पाणी, स्क्रीनवर शून्य

औसा तालुक्यातल्या एका शेतावर ठिबकच्या टाकीची पातळी मोजायला मी ESP32 बोर्ड आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवलेला नव्हता. तो दुसऱ्या कुणीतरी बसवला होता. मला बोलावलं ते बिघडल्यावर. काका म्हणाले, "टाकी भरलीय अन् हे शून्य दावतंय. कामून रं?"

सेन्सर बदलून पाहिला, तरी शून्यच. मग सेन्सरकडून बोर्डाकडं मोजणीचा पल्स आणणारी इको वायर काढून पिन 27 ला हे लिहिलं:

```
pinMode(27, INPUT_PULLUP);
```

वायर नसताना या पिनवर जवळपास 3.3 व्होल्ट दिसायला हवेत. मीटरवर 0.4 दिसले, शेजारच्या 26 ला हेच लिहिल्यावर मात्र 3.3. म्हणजे पिन आतून ग्राउंडला चिकटली होती. डबीत एक तुटकी वायर 25 पाशी लोंबत होती, म्हणून ती पिनही तशीच तपासली. तिचीही तीच गत. आधीच्या माणसानं पिन गेली म्हणून वायर दुसऱ्या पिनवर नेली होती आणि कारण तसंच ठेवलं होतं.

सेन्सर 5 व्होल्टवर चालत होता, म्हणून त्याची इकोही 5 व्होल्टची. ESP32 ची पिन मात्र साधारण 3.6 व्होल्टच्या पुढं सहन करत नाही. प्रत्येक मोजणीला जादा व्होल्टेज पिनच्या आतल्या संरक्षणावर पडायचं. पिन लगेच जात नाही, महिनेन् महिने चालतेही, म्हणून लोकांना 'चालतंय की' वाटतं. मीटरनंही हे पकडता येत नाही: इकोचा पल्स काही मिलिसेकंदांचा, मीटर त्याची सरासरी दाखवतो. खिशातल्या छोट्या ऑसिलोस्कोपवर शिखर 5.1 दिसलं.

इकोच्या वाटेत 10k चा रेझिस्टर आणि पिनपासून ग्राउंडला 15k चा लावला. 5.1 चे होतात 3.06 व्होल्ट. ESP32 ला 'हाय' समजायला सुमारे 2.5 पुरतात, त्यामुळं खालीही जागा उरते. नेहमीची 1k-2k जोडी 3.4 देते, पुरवठा थोडा चढला तर काठावर जाते, म्हणून ती मला आवडत नाही. मोठे रेझिस्टर पल्सच्या कडा थोड्या बोथट करतात, पण इथं 1 सेंटिमीटरला 58 मायक्रोसेकंद लागतात. मायक्रोसेकंदाच्या अंशानं काही बिघडत नाही. शिवाय चूक झाली तरी 10k मधून पिनमध्ये साधारण अर्ध्या मिलिअँपिअरहून जास्त करंट जात नाही. ट्रिगरची वायर तशीच ठेवली: ती ESP32 कडून सेन्सरकडं जाते, आणि या सेन्सरला 3.3 चा ट्रिगर ओळखू येत होता.

I2C च्या SDA सारख्या वायरवर मात्र ही रेझिस्टरची जोडी लावू नका. तिथं संकेत दोन्ही बाजूंनी जातो. त्याला BSS138 मॉस्फेटवालं लेव्हल शिफ्टर मॉड्यूल लावा.

वायर पिन 26 वर घेतली. स्क्रीनवर 41 आलं. काकांनी टाकीत काठी घालून टेपनं मोजलं, 42 भरलं.