आवक क्रमांक मिळेपर्यंत

पंचायतीच्या खिडकीतून पत्र परत आलं तेव्हा माझ्यासोबत सातवीतली दोन मुलं उभी होती, म्हणून ते जास्त झोंबलं.

औपचारिक पत्राचा धडा मी यंदा पुस्तकातल्या 'वृक्षारोपणासाठी रोपे मागवा' वर घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. आता आमचं वर्ष एप्रिलातच सुरू होतं, पाऊस समोर दिसत असतो आणि शाळेजवळचं गटार दर जूनमध्ये तुंबतं. विषय आयताच होता. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या आमच्या छोट्या शाळेत सातवीत चोवीस मुलं. नमुना पत्र आधीच फळ्यावर लिहून दिलं, ही माझी पहिली चूक. चोवीस पत्रं आली, ती सगळी त्या नमुन्याची भावंडं. फरक एवढाच की कुणी सरपंचांना 'तीर्थरूप' केलं होतं आणि एकाने शेवटी 'आपला लाडका विद्यार्थी' लिहिलं होतं.

मग जोड्या लावून एकमेकांची पत्रं तपासायला दिली. तारीख आहे? प्रति आहे? विषय? मायना? सही? पाच चौकटी, पाच खुणा. दहा मिनिटांत सगळ्यांची सगळी पत्रं बरोबर! त्यातलं एक निवडलं आणि निघालो.

खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी पहिल्यांदा विचारलं, "इंग्रजीत नाही?" इथे माझा पारा चढला. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर सरकारी कामासाठी मराठीलाही जागा आहे, हे मी जरा वरच्या पट्टीतच सांगितलं. बाकावर तासभर बसलो, सचिव आले, मराठीचा प्रश्न एका वाक्यात मिटला. पण त्याच गृहस्थांनी पत्र पुन्हा वाचून जे तीन प्रश्न विचारले, त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेला फाटकं दोन, मग गटार कुठलं? किती लांब? आणि पत्र नक्की कोण देतंय, मुलं की शाळा?

पत्रात होतं, 'शाळेजवळील गटार तुंबले असून विद्यार्थ्यांची गैरसोय होते, तरी लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी.' आमच्या पाचही चौकटींतून हे वाक्य सुखरूप पार झालं होतं. परतताना चरफडत होते, पण रागाचा अर्धा भाग स्वतःवरच होता.

दुसऱ्या दिवशी आधी गटार पावलांनी मोजलं. मग मुलांनी पत्र नव्याने लिहिलं आणि तपासणी बदलली. खुणा बंद. तपासणाऱ्याने पत्र वाचून कोऱ्या कागदावर दोनच गोष्टी करायच्या: गटार कुठे आहे त्याचा नकाशा काढायचा, आणि 'मी सरपंच असेन तर मला काय करायचंय, कधीपर्यंत' हे एका ओळीत लिहायचं. लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. जागा माहीत नसलेला तपासनीस हवा, म्हणून मागच्या फाटकाकडे कधी न जाणारी, बसने येणारी मुलं यासाठी निवडली. एका मुलीने गटार थेट मैदानात काढलं. पत्र लिहिणारा ओरडला, "टीचर, मी असं लिहिलंच नाही!" तिने त्याच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने 'शाळेच्या मागे' एवढंच लिहिलं होतं. तो गप्प बसून खोडायला लागला.

शेवटी सगळ्यांच्या वाक्यांतून जे जुळलं, ते असं:

प्रति,
मा. सरपंच,
ग्रामपंचायत कार्यालय

मार्फत: मुख्याध्यापक

विषय: शाळेच्या मागच्या फाटकासमोरील गटार पावसाआधी साफ करण्याबाबत.

महोदय,
आमच्या शाळेच्या मागच्या फाटकापासून पिंपळाच्या पारापर्यंतचे, सुमारे साठ पावले लांबीचे गटार माती व चुडतांनी भरले आहे. गेल्या पावसाळ्यात येथे घोट्याच्या वर पाणी साचत होते. मेअखेरपर्यंत हे गटार साफ करून मिळावे, ही विनंती. जागेचा नकाशा सोबत जोडला आहे.

आपले विश्वासू,
इयत्ता सातवीचे विद्यार्थी

'झावळ्या' करू का, असं एकीने विचारलं. मी 'चुडतां'च ठेवायला सांगितलं, वाचणाराही इथलाच आहे. नमुना हवाच असेल तर तो असा, मुलांच्या पहिल्या प्रयत्नानंतर दाखवावा.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं: पत्राच्या दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या, नाहीतर पत्र दिल्याचा पुरावाच उरत नाही. आम्हाला ते पहिल्या फेरीत सुचलंही नव्हतं. या वेळी शिक्का बसला आणि मुलं तो जांभळा डाग वर्गभर मिरवत फिरली.

गटार अजून तसंच आहे. मे उलटला, शाळा पुन्हा उघडली, आणि आता स्मरणपत्र लिहायचं आहे. 'संदर्भ' ही ओळ कशाला असते, हे मी दर वर्षी सांगून थकायचे. या वेळी मागच्या बाकावरचा मुलगा आपणहून उठला आणि शिक्क्याची प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली.