रुखवताची पुस्तिका: पहिलं प्रूफ, एक वाटी आणि बरेच ‘पऱ्याय’

भाचीच्या रुखवतात ठेवायच्या पाककृती-पुस्तिकेचं पहिलं छापील प्रूफ शनिवारी हातात आलं. मागच्या वेळी मी लिहिलं होतं, ‘आता फक्त छापायचंय.’ ते वाक्य मागे घेते.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लग्न डिसेंबरात, ठाण्यात. पुस्तिकेत आमच्या घरचे सीकेपी पदार्थ: वालाचं बिरडं, खाजाचे कानवले, निनावं, भानोलं वगैरे. आकार ए-५, मधोमध पिना, आतली पानं १३० जीएसएम मॅट आर्ट पेपरची, प्रती ३०. मांडणी स्क्रायबस या सॉफ्टवेअरच्या १.६ आवृत्तीत केली आहे, कारण जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नसत. मजकुराला टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट आणि साहित्याच्या यादीला मुक्त.

पिनांच्या पुस्तिकेत पानांची संख्या ४ च्या पटीत लागते, कारण एक कागद दुमडला की ४ पानं होतात. माझा हिशेब असा होता: पहिलं पान शीर्षकाचं, २ आणि ३ वर माप आणि अनुक्रमणिका, मग समोरासमोर कृती आणि फोटो असे १६ पदार्थ, म्हणजे ३२ पानं, आणि शेवटचं एक पान रिकामं. बरोबर ३६. तेवढ्यात मावशीचा फोन, ‘निनावं नाही घेतलंस?’ एक पदार्थ वाढला की ३८ होतात आणि ३८ पानांची पुस्तिका दुमडता येत नाही. म्हणून १८ पदार्थ आणि ४० पानं. अठरावा पदार्थ केवळ गणितासाठी आत आला: कैरीचं पन्हं. डिसेंबरात कैरीचा फोटो कुठून आणायचा, तर मे महिन्यातला एक सापडला. त्याच्याकडे पुढे येते.

आता वाटी. आमच्या घरच्या सगळ्या कृती आईच्या एका स्टीलच्या वाटीने मोजलेल्या आहेत. ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. १५० ग्रॅम, म्हणजे १५० मिलिलिटर. हा आकडा पान २ वर दिला आहेच, पण भाचीला दुकानात वाटी निवडताना उपयोगी पडावा म्हणून तिथेच वाटीच्या तोंडाएवढं वर्तुळ खऱ्या मापात काढलं, व्यास ८० मिलिमीटर. हे लाडाने केलेलं काम होतं. सगळ्यात उपयोगी तेच ठरलं.

प्रूफ आणायला जाताना वाटी पिशवीत घेतली होती. दुकान स्टेशनकडच्या गल्लीत, काउंटरवर जेमतेम हात ठेवायला जागा. तिथेच पान २ उघडून वाटी वर्तुळावर ठेवली. वर्तुळ वाटीखाली गायब! वाटीचा काठ चहूबाजूंनी बाहेर आला. पट्टी लावली तर ७७ मिलिमीटर.

कारण असं. फोटो पानाच्या कडेपर्यंत जातात, म्हणून पीडीएफ चारही बाजूंनी ३ मिलिमीटर मोठी केलेली असते. छापून झाल्यावर तेवढी पट्टी कापून टाकायची असते. माझं पान म्हणून १४८ बाय २१० ऐवजी १५४ बाय २१६ चं आहे. दुकानातल्या मुलाने छापताना Fit निवडलं, त्यामुळे यंत्राने मोठं पान ए-५ मध्ये कोंबलं. १४८ भागिले १५४ म्हणजे साधारण ०.९६, आणि ८० चे ९६ टक्के जवळजवळ ७७. पान मात्र दिसायला अगदी व्यवस्थित होतं. फोटो कडेपर्यंत, मजकूर मधोमध, सगळं काही ४ टक्के लहान. वाटी नसती तर मी ‘छान’ म्हणून पैसे देऊन आले असते. त्या मुलाने काही वाद घातला नाही, Actual size वर ते एक पान पुन्हा काढून दिलं आणि वाटी स्वतःच ठेवून बघितली. ज्यांच्या पुस्तिकेत वाटी नसेल त्यांनी शेवटच्या पानावर ५० मिलिमीटरची एक बारीक रेघ टाकावी. पट्टी लावली की कळतं.

दुसरी गोष्ट आईने पकडली. चष्मा लावून प्रूफ वाचता वाचता म्हणाली, ‘अगं, या पुर्या कुठल्या?’

मी बघितलं तर पुऱ्यांच्या जागी खरोखरच ‘पुर्या’ छापलं होतं, या-च्या डोक्यावर रफार. पुढे भाकर्या, कैर्या, दुसर्या दिवशी, बर्याच वेळाने. महिनाभर हे मजकूर मी रोज बघत होते आणि एकदाही दिसलं नाही. आपलाच मजकूर आपण वाचत नाही, आठवतो.

हे झालं कसं, ते सांगते, कारण मराठीत काही जुळवणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागणार आहे. पुऱ्यातला आडवा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ (U+0931), मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह (U+200D) आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या फोनवरून पहिला प्रकार आला होता, मामेभावाने संगणकावर टाइप केलेल्या फाइलमधून दुसरा. आणि मावशीचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप इमोजींनी भरलेले. ते काढून टाकले तरी त्यांच्यातली अदृश्य चिन्हं मागे राहिली, कारण बऱ्याच इमोजींमध्ये तेच जोडचिन्ह असतं. मी सरसकट सगळी अदृश्य चिन्हं पुसली. त्याबरोबर मामेभावाच्या पुऱ्यांमधलं जोडचिन्हही गेलं, उरला साधा र आणि हलन्त, आणि त्याचा नियमाप्रमाणे रफार झाला.

पुसण्याआधी सगळ्या मजकुरावर पायथनची ही एक ओळ चालवली असती तर काहीच बिघडलं नसतं:

```
t = t.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
```

आता उशीर झाला होता. मूळ फाइल होती, पण महिनाभराच्या दुरुस्त्या थेट स्क्रायबसमध्ये केलेल्या. मग मी दुसरा शहाणपणा केला: सगळीकडे ‘र्या’ शोधून त्याजागी ‘ऱ्या’. पुऱ्या झाल्या, भाकऱ्या झाल्या आणि त्याबरोबर ‘गूळ नसल्यास पऱ्याय म्हणून साखर’ असंही झालं. पर्याय, मर्यादा, सूर्य यांच्यातला रफार खरा असतो, तो राहायलाच हवा. शेवटी सगळं मागे फिरवून ‘र्य’ एकेक करत शोधलं. ५८ जागा निघाल्या, त्यात ५ खऱ्या रफाराच्या. ‘र्ह’ वेगळा शोधायचा हे लक्षात ठेवा, नाहीतर अर्पणपत्रिकेत वऱ्हाडाचं ‘वर्हाड’ होतं. माझं झालं होतं. आणि हा शोध मूळ मजकुरातच घ्या. पीडीएफमध्ये देवनागरी शोधली तर कधी सापडते, कधी नाही.

फोटोंचं पटकन सांगते. पान भरणारा फोटो २१६ मिलिमीटर उंच, म्हणजे साडेआठ इंच. फोनमधला मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असेल तर इंचाला ४७० पडतात. ३०० लागतात, तेव्हा चैन आहे. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा आला की १६०० वर येतो आणि इंचाला १८८ उरतात. आमटीला ते खपून जातं, कारण तिला कडा नाहीत. कोथिंबीर मात्र हिरवा चिखल दिसते. कोणता फोटो कमी पडतोय हे डोळ्यांनी शोधत बसू नका, टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या:

```
pdfimages -list rukhvat.pdf
```

यातल्या x-ppi रकान्यात सगळं दिसतं. माझ्या १८ पैकी ४ फोटो २०० च्या खाली होते. तीन पाठवणाऱ्यांकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवले. चौथा तो मे महिन्यातला पन्ह्याचा, मूळ प्रत पुसलेली. तो पाव पानाचा केला आणि खाली आजीच्या वहीतलं तुपाचा डाग पडलेलं पान स्कॅन करून लावलं. खरं तर आता ते पुस्तिकेतलं माझं सगळ्यात आवडतं पान आहे.

बिरड्याचा फोटो मात्र पिक्सेलने नाही, रंगाने पडला. आमच्या घोडबंदरच्या घरात समोरच्या टॉवरमुळे खिडकीतून चांगला उजेड सकाळी दहा ते साडेअकरा एवढाच. त्या वेळात काढलेलं बिरडं पडद्यावर सुंदर, कागदावर शेणकाला. पडदा आतून उजळलेला असतो, कागद नसतो, आणि तपकिरी पदार्थ त्यात सगळ्यात आधी बुडतात. म्हणून एका ए-५ पानावर तोच फोटो तीनदा छापून घेतला: जसाच्या तसा, मधल्या छटा थोड्या उजळून आणि बऱ्याच उजळून. तिसरा, जो पडद्यावर फिकट आणि आजारी वाटत होता, तोच कागदावर बिरड्यासारखा दिसला. आता सगळे तपकिरी फोटो त्या प्रमाणात उजळले. भानोल्याला हात लावला नाही.

बिरड्याच्या कृतीत आणखी एक दुरुस्ती झाली. ‘१ वाटी वाल’ असं लिहिलं होतं. कोरडे की मोड आलेले, सोललेले? भिजून, मोड येऊन, सोलल्यावर ते दुपटीच्या आसपास होतात, त्यामुळे खोबरं आणि गुळाचं सगळं प्रमाण फिरतं. आईला हा प्रश्नच कळला नाही. ‘कोरडेच ना, ओले कोण मोजतं?’ आता ‘कोरडे कडवे वाल’ असं लिहिलं आहे.

दुसरं प्रूफ मंगळवारी आलं. वाटी वर्तुळावर चपखल बसली, पुऱ्या पुऱ्याच होत्या. ते घेऊन मावशीला व्हिडिओ कॉल केला, पान २ दाखवलं. ती वाटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘ही कुठे माझी वाटी? माझी मोठी आहे.’

तिच्या ६ कृती तिच्या वाटीने आहेत. निनाव्यात सगळंच वाटीने आहे, त्यामुळे प्रमाण टिकतं, फक्त थाळा लहान लागेल. पण कानवल्यात रवा वाटीने आणि तूप चमच्याने आहे, तिथे खाजा बिघडेल. फोनवरून तिने पट्टी लावून तोंडाचा व्यास ८६ सांगितला, पण खोली मोजता येईना आणि तिच्याकडे काटा नाही. दोन वर्तुळं शेजारी बसत नाहीत, ८० आणि ८६ मिळून १६६ होतात आणि पान १४८ रुंद आहे. एकाखाली एक बसतात. तशी जागा करून ठेवली आहे, नावंही टाकली आहेत, ‘आईची वाटी’ आणि ‘मावशीची वाटी’. दुसऱ्या वर्तुळाखाली मिलिलिटरचा आकडा रिकामा आहे. रविवारी काटा घेऊन डोंबिवलीला जाते आहे.