बाबाचं नाव नव्हतं त्याच्यात

“सर, सहकाऱ्याचे वडील गेले तर ऑफिसच्या ईमेलवर लिहायचं तरी काय? दोन ओळी लिहिल्या तर कोरडं वाटते, अन् जास्त लिहिलं तर उगाच जवळीक केल्यासारखं.”

विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा तयार मजकूर हवा असतो. तो मी देत नाही. “मातीला जा ना, ईमेल कशाला?” असंही काही जण ऐकवतात. मातीला मी जातोच. पण आमची माणसं राळेगाव, कळंब, केळापूर अशी तालुक्यांत विखुरलेली आहेत, सगळ्यांना पोहोचता येत नाही. आणि मातीच्या दिवशी कोण काय बोललं हे त्या माणसाला आठवत नाही. लिहिलेलं मात्र तो तेरवीनंतर, पाहुणे निघून गेल्यावर उघडतो.

माझी चूक सांगतो. राळेगावकडच्या आमच्या एका क्षेत्र समन्वयकाचे वडील गेले. तोंडाचा कॅन्सर होता. रजा मागताना त्यानं हे मला एकट्याला, दार लोटून सांगितलं होतं. त्याच दुपारी मी ईमेल लिहिला: ‘आपल्या सहकाऱ्याच्या वडिलांनी कर्करोगाशी आठ महिने झुंज दिली, आज ती संपली.’ पुढे देवाची इच्छा, धीर धरा. शेवटी ‘पाणलोटाच्या कामाची यादी रजेच्या काळात कुणाकडे राहील ते कळवावे.’ ऑफिसातल्या चौदाही जणांना पाठवला. मनापासून लिहिला होता, हे आजही सांगतो.

तेरवीला गेलो. मांडवात आमच्याच ऑफिसातला एक जण त्याच्या धाकट्या भावाला विचारत होता, “खर्रा खात होते काय जी?” भाऊ खाली बघत राहिला. समन्वयक मागे पाण्याचा गुंड घेऊन उभा होता, त्यानं ऐकलं. मी निघालो तेव्हा तो गाडीपर्यंत आला आणि म्हणाला, “सर, बाबाचं नाव नव्हतं जी त्याच्यात. आजाराचंच होतं.”

घरी येऊन ईमेल पुन्हा वाचला. खरंच, नाव नव्हतं. आजार होता, महिने होते, कामाची यादी होती.

त्यानंतर दोन वर्षं मी दुसऱ्या टोकाला गेलो. ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’, खाली सही, संपलं. कुणी दुखावणार नाही असं वाटायचं. मग आमच्या हिशेब विभागातल्या ताईंची आई गेली. घर बौद्ध, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरलेला, आणि माझ्या ईमेलात ईश्वर आणि ‘कैलासवासी’. ताई काही बोलल्या नाहीत. चार वर्षं सोबत काम करून माणसाच्या घरचं मला एवढंही माहीत नाही, हे त्यांना कळलं असणारच.

आता लिहितो ते असं. सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलात गेलेल्या माणसाचं नाव, नातं आणि घरच्यांनी सांगायला हरकत नाही म्हटलेली माहिती, म्हणजे बहुधा फक्त कार्यक्रमाचा दिवस आणि गाव. आजार नाही, दवाखाना नाही, शेवटचे दिवस नाहीत. तो ईमेल त्या घरातला माणूस वाचणार आहे असं धरूनच लिहायचा. त्या सहकाऱ्याला वेगळा ईमेल, त्यात सीसी कुणीच नाही. मांडवातल्या त्या दिवसानंतर मी त्याला पुन्हा लिहिलं होतं, ते असं:

‘बाबांची आठवण येते. मागच्या हिवाळ्यात विहिरींची पाहणी करायला आलो तेव्हा त्यांनी मला बाजेवर बसवून तुरीच्या उकडलेल्या शेंगा दिल्या होत्या आणि पिशवीतही घातल्या होत्या. तुमची कामं मी दोघांत वाटून दिली आहेत, त्याबद्दल कुणी फोन करणार नाही. उत्तराची घाई नाही.’

कामाची ओळ हवीच, नाहीतर माणूस सुतकातही फोन बघत बसतो. पण ती विचारणारी नसावी, ठरवून टाकलेली असावी. ‘काही लागलं तर सांगा’ हे मी लिहीत नाही. मांडवात बसलेला माणूस काय लागतं ते कुठं सांगत बसेल?

शेंगांच्या ओळीबद्दल मात्र माझं स्वतःशीच भांडण आहे. माझ्या सहीवर ज्याची पगारवाढ ठरते, त्याच्या घरच्या बाजेची गोष्ट मी ऑफिसच्या पत्त्यावरून लिहावी का? आवडली नसेल तरी तो मला कसं सांगणार? आठवडाभरानं त्याचं उत्तर आलं, “धन्यवाद सर.” एवढंच. त्यातून काहीच कळत नाही. तरी ती ओळ मी अजूनही लिहितो, आणि पाठवण्याआधी दर वेळी एकदा खोडतो.