५० मिनिटांच्या आत १० किलोमीटर: माझं निगेटिव्ह स्प्लिटचं गणित

१० किलोमीटर ५० मिनिटांच्या आत पळायचं, तर किलोमीटरला ५ मिनिटांपेक्षा थोडं कमी पडायला हवं. एवढा भागाकार स्टार्ट लाइनवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. तरी निकालाचा तक्ता उघडून पाहिला की बहुतेकांचे पहिले दोन किलोमीटर पावणेपाच मिनिटांचे आणि शेवटचे तीन सव्वापाचच्या पुढचे दिसतात. मला या रेसमध्ये उलटं करायचं होतं: दुसरे ५ किलोमीटर पहिल्या पाचांपेक्षा लवकर संपवायचे, म्हणजे निगेटिव्ह स्प्लिट.

किती लवकर, हा पहिला प्रश्न. नवे लोक इथे हात सैल सोडतात. पहिलं अर्ध २६ मिनिटांत आणि दुसरं २४ मध्ये, असे बेत मी ऐकलेत. १०,००० मीटरचा विश्वविक्रम पाहा. जोशुआ चेप्टेगेईने ऑक्टोबर २०२० मध्ये व्हॅलेन्सियाला २६:११ ची वेळ दिली, तेव्हा त्याच्या दोन अर्धांत फरक जेमतेम चार-पाच सेकंदांचा होता. दुसरं अर्ध वेगवान होतं, पण केसभरच. त्याच्यासाठी ट्रॅकच्या कडेला ठरलेल्या वेगाने सरकणारे दिवे होते आणि पुढे गर्दी नव्हती. माझ्यासमोर रस्ता, गर्दी आणि चौथ्या किलोमीटरला एक पूल असणार होता, म्हणून मी २० सेकंदांचा फरक धरला. माझ्या वेगाला १५ ते ३० सेकंद ठीक. त्यापुढे गेलं तर सुरुवातीला सोडलेला वेळ नंतर वसूल करायला जो वेग लागतो, तो पायांत नसतो.

टार्गेट खरं आहे का, हेही तपासून घेतलं, कारण आवाक्याबाहेरच्या वेळेला कुठलीच विभागणी वाचवू शकत नाही. रेसच्या काही आठवडे आधी ५ किलोमीटर जीव तोडून पळाले, वेळ २३:५०. रीगलचं सूत्र सांगतं, अंतर दुप्पट झालं की वेळ २.०८५ पटीने वाढते. त्याने उत्तर आलं ४९:४१. म्हणजे ५० च्या आत जमण्यासारखं होतं, पण उधळायला फार काही हातात नव्हतं. मी ४९:५० वर बोट ठेवलं. दहा सेकंद पाण्याच्या टेबलापाशी होणाऱ्या धक्काबुक्कीसाठी राखून ठेवले.

आता घड्याळाबद्दल, कारण इथे भलेभले फसतात. रस्त्यावरच्या रेसचं अंतर सर्वांत जवळच्या वाटेने मोजलेलं असतं, वळणाच्या आतल्या कडेपासून फक्त ३० सेंटिमीटरवरून. शिवाय कोर्स कमी भरू नये म्हणून हजाराला एक या हिशोबाने थोडं अंतर मुद्दाम वाढवतात. आपण मात्र लोकांना ओलांडत, वळणं बाहेरून घेत पळतो, आणि जीपीएसची स्वतःची चूक वेगळीच. शेवटी घड्याळात १०.०८ किंवा १०.१ किलोमीटर दिसतात. घड्याळावर ५:०० चा पेस ठेवून १०.१ किलोमीटर पळालं, तर फिनिश लाइनवर ५०:३० होतात. ५० मिनिटांना पोचायचं तर घड्याळावर ४:५७ दिसायला हवं. 'पेस तर बरोबर होता, मग वेळ कशी चुकली' ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. म्हणून घड्याळ दर किलोमीटरला आपणहून वेळ नोंदवतं तो ऑटो लॅप मी बंद केला आणि प्रत्येक किलोमीटरच्या पाटीपाशी बटण स्वतः दाबायचं ठरवलं. पाट्याही क्वचित मागेपुढे लागतात, पण एक पाटी चुकली तर पुढच्या पाटीला हिशोब आपोआप जुळतो. जीपीएसची चूक मात्र साचत जाते.

मग कागद घेऊन बसले. ४९:५० म्हणजे २,९९० सेकंद. त्यातले १,५०५ पहिल्या अर्धाला, म्हणजे २५:०५. उरलेले १,४८५ दुसऱ्याला, म्हणजे २४:४५. पहिला किलोमीटर ५:०६, कारण गर्दीत तसंही वेगाने जाता येत नाही आणि जायचंही नव्हतं. दुसरा ५:०१, तिसरा ४:५९. चौथ्यात पुलाचा चढ, म्हणून ५:०३. पाचव्यात उतार, म्हणून ४:५६. चढाने जितकं खाल्लं तितकं उतार परत देत नाही, म्हणून चढाला चार सेकंद जास्त दिले आणि उताराकडून तीनच मागितले. सहावा आणि सातवा ४:५९, आठवा ४:५८, नववा ४:५७, आणि उरलेले सगळे दहाव्यात: ४:५२. आकडे पाहिले तर पहिला आणि शेवटचा सोडून वेग जवळजवळ सपाटच आहे. मधल्या आठांत फक्त ओसरतं-चढतं रस्त्यापुरतं आहे.

पहिल्या किलोमीटरला एवढी ढील का? १० किलोमीटरच्या रेसचा वेग साधारण तासभर टिकवता येणाऱ्या वेगाच्या किंचित वरचा असतो. त्याच्याही पुढे गेलं की शरीर प्राणवायूच्या जोरावर भागवू शकत नाही आणि स्नायूंतला बिघाड झपाट्याने वाढतो. सुरुवातीला मात्र हे कळत नाही. हृदयाचे ठोके वर यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, पाय ताजे असतात, आजूबाजूचे सगळे सुसाट निघालेले असतात. ४:४५ चा वेगही तेव्हा फिरायला निघाल्यासारखा वाटतो. त्याचं बिल सातव्या-आठव्या किलोमीटरला येतं आणि व्याजासकट येतं.

सराव ट्रॅकवर केला, कारण तिथे हिशोब सोपा. ४०० मीटरच्या फेरीला २:०० म्हणजे किलोमीटरला ५:००. फेरीत दोन सेकंद इकडचे तिकडे झाले की किलोमीटरला पाच सेकंदांचा फरक. मी ५ फेऱ्यांचे संच घ्यायचे: पहिला संच फेरीला २:०२, दुसरा २:००, तिसरा १:५८, मध्ये दोन-तीन मिनिटं हळू जॉगिंग. घड्याळाकडे न पाहता फेरी पुरी करायची आणि रेषेवर आल्यावर मनातला आकडा सांगायचा. आमचे कोच कडेला स्टॉपवॉच घेऊन उभे. मी '२:०१' म्हणाले की ते नुसते '१:५६' म्हणायचे आणि मान हलवायचे. पुढे पुढे अंदाज सेकंदा-दोन सेकंदांवर आला. त्यांचा एकच आग्रह होता: "पहिल्या किलोमीटरला आपण मागे पडतोय असं वाटलं नाही, तर समज की तू जास्त वेगात आहेस."

रेसच्या आदल्या रात्री दहाच्या दहा आकडे मनगटावर लिहिले नाहीत. घाम फुटला की पेनाची शाई पसरते, आणि धापा टाकताना वजाबाक्या होत नाहीत. कागदाच्या पट्टीवर चारच पाट्यांच्या एकूण वेळा लिहिल्या, पट्टीवर पारदर्शक टेप चिकटवला आणि ती घड्याळाच्या पट्ट्याशेजारी गुंडाळली: १ ला ५:०६, ३ ला १५:०६, ५ ला २५:०५, ८ ला ४०:०१. किलोमीटरच्या सुट्या वेळेपेक्षा एकूण वेळ बरी. एक किलोमीटर चार सेकंद बिघडला तरी एकूण हिशोबात आपण कुठे आहोत, ते एका नजरेत कळतं.

घड्याळ मी रेषा ओलांडताना सुरू केलं, बंदुकीच्या आवाजाला नाही. चिपची वेळ तिथूनच मोजली जाते. सुरुवातीच्या २०० मीटरला ६१ सेकंद हवे होते. घड्याळातला क्षणाक्षणाचा पेस तेव्हा ४:३० ते ५:३० असा नाचत असतो, त्याच्या नादी लागत नाही. लोक दोन्ही बाजूंनी पुढे जात होते, त्यात एक काका चक्क गप्पा मारत गेले. पहिली पाटी ५:०७. दुसरा ५:००, तिसरा ४:५९, पट्टीशी ताडून पाहिलं तर १५:०६, सेकंदाचाही फरक नाही.

पुलावर मी वेग नाही, श्वासाची लय सांभाळली. तीन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर ही लय तुटू द्यायची नाही, घड्याळ काय म्हणेल ते म्हणो. ५:०५ आले, उतारावर ४:५५, आणि अर्ध्यावर २५:०६. उतारावर पाय लांब टाकायचा मोह आवरला, कारण त्याने मांड्या ठेचल्या जातात आणि ते नवव्या किलोमीटरला कळतं.

सहावा ४:५८. सातवा बिनसला: वारा समोरून, आणि आजूबाजूचे ढेपाळायला लागलेले, त्यामुळे नकळत त्यांच्या चालीत चाल मिसळते. ५:०१. अशा वेळी गेलेले सेकंद पुढच्याच किलोमीटरला वसूल करायला जाऊ नये, हे आधीच ठरवलं होतं. तूट उरलेल्या सगळ्या किलोमीटरांत वाटायची. आठव्यात ४:५९ दिले आणि पाटीवर ४०:०४ झाले, ठरल्यापेक्षा तीन सेकंद मागे. राखून ठेवलेल्या दहा सेकंदांतले सात अजून शिल्लक होते. गप्पा मारत पुढे गेलेले काका इथेच कुठेतरी मागे पडले. नववा ४:५७. शेवटच्याला हात जोरात मागे नेले, पाय आपोआप मागून आले: ४:५१. चिप टाइम ४९:५२, दुसरं अर्ध २४:४६. घड्याळात अंतर १०.०८ किलोमीटर आणि सरासरी पेस ४:५७.

ही मांडणी सगळीकडे लागू पडत नाही. परतीचा रस्ता चढाचा किंवा वाऱ्याविरुद्ध असेल, तर वेळेने मोजलेलं निगेटिव्ह स्प्लिट धरून बसू नये. तिथे मेहनत समान ठेवायची आणि दुसरं अर्ध काही सेकंद जास्त घेईल हे आधीच कागदावर मांडायचं. ऊन असेल तर टार्गेटच सैल करावं लागतं, कारण शरीर तापत जातं आणि शेवटी वेग वाढवायला जागाच उरत नाही. आणि शेवटचा किलोमीटर आधीच्यांपेक्षा वीसेक सेकंदांनी लवकर निघाला, तर आपण आधी फार राखून पळालो असा त्याचा अर्थ. माझा सहा सेकंदांनी लवकर आला. पुढच्या वेळी पहिल्या किलोमीटरला ५:०६ ऐवजी ५:०४ ठेवून पाहणार आहे.