आमची वाटचाल : पाचशे कास्टिंगचा हिशोब

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा गाळा १९९७ पासून आहे. कास्टिंग ग्राहकाचं, मशीनिंग आमचं. सुरुवातीला दोन सेकंडहँड लेथ आणि एक रेडियल ड्रिल होतं, आज सीएनसी आणि व्हीएमसी मिळून अकरा मशिनं आहेत. मधली वीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मशिनं घेतली, हप्ते फेडले, पोरं शिकली. जॉबवर्क करणाऱ्याला यापेक्षा वेगळा इतिहास नसतो.

सांगण्यासारखं आहे ते २०१९ चं. सातपूरचे आमचे सर्वात जुने ग्राहक. पहिली ऑर्डर त्यांचीच. लेथला चक नव्हता तेव्हा त्यांनी ॲडव्हान्स देऊन चक घ्यायला लावला होता. त्याच कंपनीत नवीन माणसं आली, ऑडिट झालं आणि आमच्या नावावर १,१४० कास्टिंगची डेबिट नोट निघाली. पाठवलेल्या चलनांत आणि परत आलेल्या मालात फरक, म्हणे. पेमेंट थांबलं. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा आधीच संपलेली, पगाराला पैसे नाहीत आणि प्लेटिंगवाला दारात उभा.

माल हरवला नव्हता, फक्त हिशोबाची पद्धत जुळत नव्हती. आमच्याकडे रजिस्टर आयटमवार होतं, तेव्हा सगळ्यांकडेच तसं असायचं. अमुक कास्टिंग एकूण आलं किती, गेलं किती, शिल्लक किती. कंपनीला हिशोब हवा होता चलनवार. त्याला कारण आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत आला पाहिजे, नाही तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. वर्ष मोजायचं ते प्रत्येक चलनाच्या तारखेपासून. जॉबवर्कच्या मालाचा आयटीसी-०४ हा जीएसटी फॉर्म भरताना कंपनी विचारते की एप्रिलच्या चलनातले किती नग अजून तुमच्याकडे आहेत. 'एकूण शिल्लक ३३८' हे त्याचं उत्तर होत नाही.

आमचे स्टोअरचे नाना पहिल्या दिवसापासूनचे. त्यांना समासात पेन्सिलीने चलन नंबर लिहायची सवय होती, आणि त्या पेन्सिलीने आम्हाला वाचवलं. रात्ररात्र बसून जुळवलं. बराचसा माल प्लेटरकडे निघाला, काही कंपनीच्याच इनवर्डला चुकीच्या चलनावर चढलेला. डेबिट नोट मागे घेतली गेली. पण तोवर आमचे निम्मे आयटम लिंक रोडवरच्या एका शेजाऱ्याकडे गेले होते. 'त्यांच्याकडे माल गहाळ होतो' हे त्याने कॅन्टीनपासून पर्चेसपर्यंत सगळीकडे सांगितलं. ते आयटम आजतागायत परत आलेले नाहीत. असो.

त्याच शेजाऱ्याने पुढे सॉफ्टवेअर घेतलं. मोठ्या स्क्रीनवर डेमो झाला, रंगीत ग्राफ होते, मालकाच्या मोबाईलवर डॅशबोर्ड. त्याच्या स्टोअरवाल्याला विचारा, आजही संध्याकाळी एक्सेल उघडून बसतो. त्या डेमोत सॉफ्टवेअर कंपनीचाच नमुना डेटा होता. खरेदी केली, स्टॉकला घेतली, विकली. नमुना डेटात कास्टिंगला ब्लोहोल निघत नाही.

ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस लागू झाला आणि आम्हीही त्यात आलो. सॉफ्टवेअर घ्यायचंच होतं. पण मी ठरवलं, डेमो मागायचा तो आपल्या अटीवर. चार सॉफ्टवेअरवाल्यांना एक पत्र पाठवलं. त्यातला मुख्य भाग असा होता:

"आम्ही ग्राहकाच्या कास्टिंगवर मशीनिंग करतो, प्लेटिंग बाहेरून करून घेतो, बिल फक्त मजुरीचं करतो. सोबत दोन खऱ्या चलनांचा डेटा आहे. डेमो याच डेटावर हवा. खालील प्रत्येक गरजेपुढे चारपैकी एक लिहावे: तयार आहे, सेटिंगने होते, कोड लिहावा लागेल, होत नाही."

गरजा मुद्दाम कमीच लिहिल्या. आधी प्रत्येकाला विचारलं तर यादी चाळीसच्या घरात गेली. हजेरी, टूल लाइफ, ग्राहकाला वाढदिवसाचा मेसेजसुद्धा. मी एकच प्रश्न केला: हे नसेल तर सोमवारी माल थांबेल का? उरल्या पाच. ग्राहकाच्या मालाची चलनवार शिल्लक. प्लेटरकडे गेलेल्या मालावर मूळ चलनाचा नंबर टिकून राहणं. रिजेक्शनचे दोन प्रकार, कास्टिंगचा दोष तो सीआर आणि आमचा दोष तो एमआर, कारण सीआरचे पैसे कापले जात नाहीत आणि एमआरचे कापले जातात. मजुरीचं ई-इनव्हॉइस सॉफ्टवेअरमधूनच निघणं. आणि सगळा डेटा आम्हाला हवा तेव्हा एक्सेलमध्ये काढता येणं.

बाकीचं सगळं 'असलं तर बरं' या कागदावर गेलं. तुम्हीही दोन कागद करा. एकाच यादीत सगळं लिहिलं की विकणारा सोप्या तीस गोष्टी दाखवतो आणि अवघड दोन पुढच्या मीटिंगला ढकलतो.

सोबतचा हिशोब असा होता. चलन अ, ५०० नग. त्यात सीआर १२ निघाले, ते परत पाठवले. एमआर ३. उरलेले ४८५ प्लेटिंगला गेले, परत आले ४८३, दोन प्लेटरकडे कमी. चलन ब, त्याच आयटमचे ४०० नग. त्यातले १५० मशीनिंग करून प्लेटिंगला गेले, १०० परत आले. मग एका गाडीत ५५० नग डिस्पॅच केले, म्हणजे अ चे ४८३ आणि ब चे ६७. आता सांगा शिल्लक.

उत्तर आमच्याकडे आधीच होतं. अ मध्ये ५: तीन एमआर, दोन प्लेटरकडचे. ब मध्ये ३३३: कच्चे २५०, प्लेटरकडे ५०, तयार ३३. दोन्ही मिळून ३३८.

पहिले आले त्यांच्या स्क्रीनवर ३३८ बरोबर आलं. त्यांचा माणूस खूश. नाना मागून म्हणाले, "साहेब, यातले अ चे किती?" ते निघेना. त्यांचं सॉफ्टवेअर आयटमवार स्टॉक ठेवत होतं आणि डिस्पॅचच्या चलनावर ग्राहकाचा एकच चलन नंबर टाकता येत होता. आमची गाडी दोन चलनांची. "रिमार्कमध्ये दुसरा नंबर लिहा," म्हणाले. रिमार्कमधल्या आकड्याची बेरीज होत नाही. नानांची पेन्सिल काय वाईट होती मग?

दुसऱ्यांनी आमच्या डेटावर डेमो द्यायला नकार दिला, आधी ऑर्डर द्या म्हणाले. तिसऱ्यांनी पाचपैकी तीन गरजांपुढे 'कोड लिहावा लागेल' असं प्रामाणिकपणे लिहिलं. त्यांचा मला राग नाही, पण गाभ्यातल्याच गोष्टीला कोड लिहायचा म्हणजे प्रत्येक नवीन व्हर्जनला तो पुन्हा तपासायचा, आणि त्याचे पैसे आपण द्यायचे. चौथे नाशिकचेच. त्यांनी डिस्पॅच करताना खाली उघडी चलनं दाखवली, सर्वात जुनं वर. नानांनी ४८३ आणि ६७ टाकले. शिल्लक ५ आणि ३३३ आली, कुठे किती तेही आलं. मग मी इंटरनेटची वायर काढली. त्यांचं गेटचं चलन थांबलं. तिथे त्यांचे मार्क कापले, आणि मोबाईलच्या नेटवर चालवून दाखवलं तेव्हा थोडे परत दिले.

युजरच्या संख्येवरून वेगळीच गंमत. पहिल्यांनी अडतीस माणसं बघून पंचवीस युजरचं कोटेशन दिलं होतं, 'पुढची वाढ धरून'. मी माणसं मोजली नाहीत, कोण एंट्री करतो ते लिहिलं. स्टोअर दोन, तीन शिफ्टचे तीन सुपरवायझर, क्वालिटी एक, डिस्पॅच एक, अकाउंट्स दोन, मी एक. नावं दहा. पण तिन्ही सुपरवायझर एकाच कॉम्प्युटरवर, आपापल्या शिफ्टला. अकाउंट्स रात्री नसतं. बाकीचेही सगळे एकदम एंट्री करत नाहीत. एका वेळी सहाच्या वर कोणी बसत नाही. म्हणून विचारायचं: लायसन्स नावावर आहे की एका वेळी किती जण आत आहेत त्यावर? आमच्यासाठी दुसरं स्वस्त. आणि पैसे वाचवायला तिघांना एकच लॉगिन देऊ नका. रात्री कोणी आकडा बदलला तर नोंदीत एकच नाव दिसेल आणि सकाळी तिघंही म्हणतील मी नाही. अकराव्या युजरचा दर काय, तेही लेखी घ्या, आत्ताच. नंतर तो दर वेगळा असतो.

मार्क द्यायला आम्ही चौघे बसलो. नाना, डिस्पॅचचा मुलगा, अकाउंट्सच्या ताई आणि मी. शंभरपैकी चाळीस त्या शिल्लकीच्या परीक्षेला. पंचवीस एंट्रीच्या सोपेपणाला, आणि ते नानांनी स्वतः माउस हातात घेऊन द्यायचे, विकणाऱ्याने चालवून दाखवलेलं धरायचं नाही. पंधरा सेवेला, म्हणजे बसवायला कोण येणार, तो माणूस डेमोत होता का, आणि आमच्यासारखं जॉबवर्क करणारा त्यांचा एखादा ग्राहक आम्हाला एकटं भेटू देतात का. वीस खर्चाला. प्रत्येकाने आपापल्या कागदावर मार्क लिहिले आणि किमतीची पाकिटं त्यानंतर उघडली. किंमत आधी कळली की स्वस्त सॉफ्टवेअर आपोआप सोपं वाटायला लागतं. हे मी मशिन घेतानाही पाळतो.

खर्च पाच वर्षांचा धरला. तिसऱ्यांचं लायसन्स तीन लाख, दुसऱ्या वर्षापासून एएमसी अठरा टक्के म्हणजे चार वर्षांचे २,१६,०००, कोडचे १,८०,०००. एकूण ६,९६,०००. नाशिकवाल्यांचं भाडं, एका वेळच्या युजरला महिना १,५००. सहा युजर, साठ महिने, ५,४०,०००, आणि बसवण्याचे ७५,०००. एकूण ६,१५,०००. तीन लाखांचं कोटेशन असं महाग निघालं. भाड्याच्या सॉफ्टवेअरला धोका एकच, भाडं थांबलं की कुलूप. म्हणून करारात घालून घेतलं की बंद केल्यावर नव्वद दिवस डेटा काढता येईल.

बसवण्याचे पैसेही सगळे दिले नाहीत. लागोपाठ दोन महिनाअखेरांना चलनवार शिल्लक कंपनीच्या यादीशी जुळेपर्यंत शेवटचे पंधरा हजार राखून ठेवले. पहिल्या महिन्यात आठ नगांचा फरक आला. आमच्या सुपरवायझरने एमआर सीआरमध्ये टाकले होते. त्यानंतरचे दोन महिने जुळले आणि चेक दिला.

सातपूरच्या कंपनीत आता आमची यादी महिन्याच्या दोन तारखेला जाते, त्यांनी मागायच्या आत. मागच्या महिन्यात लिंक रोडवरच्या शेजाऱ्याचा फोन आला होता, ती परीक्षेची शीट मिळेल का म्हणून. नानांना विचारून सांगतो, म्हटलं. नाना अजून विचार करताहेत.