पस्तीस हजार फुटांचा हिशोब

"विमान ३५ हजार फुटांवरूनच का नेता? वर धड हवा नाही, थंडी उणे ५०. जरा खालून नेलं तर काय बिघडतं?"

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान कोणत्या मार्गानं, किती उंचीवरून न्यायचं आणि टाकीत किती इंधन घ्यायचं याचा आराखडा उड्डाणाआधी आमच्याकडे तयार होतो, मग कॅप्टन तो तपासून मान्य करतो. त्यामुळे लग्नकार्यात हमखास कुणीतरी मला हे विचारतं. बहुतेकांनी एक उत्तर आधीच ऐकलेलं असतं: वर हवा विरळ, म्हणून अडथळा कमी, म्हणून इंधन वाचतं. ते चूक नाही, पण अर्धवट आहे, आणि राहिलेला अर्धा भाग मला जास्त आवडतो.

मुंबई–दिल्लीचं ए३२० घेऊ. वजन समजा ६४ टन. सरळ उडताना पंखांनी तेवढाच भार पेलायला हवा, मग उंची कितीही असो. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं, ३५ हजार फुटांवर जेमतेम ३८० ग्रॅम. म्हणजे भार तोच, पण पेलणारी हवा एक तृतीयांशाहून कमी. ही कसर वेगानं भरून काढावी लागते. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग तिपटीनं वाढवावा लागत नाही, सुमारे १.८ पट पुरतो.

आता खरी गंमत. पंख हवेला त्याच कोनात भिडून तेवढीच उचल देत असेल, तर हवेचा विरोधही जवळपास तेवढाच राहतो. आपल्या ६४ टनी विमानाला तो साडेतीन-चार टनांच्या घरात असतो, खालीही आणि वरही. मग वर जाऊन मिळालं काय? तर इंजिनाच्या तेवढ्याच रेट्यात जवळजवळ दुप्पट वेग.

कॉकपिटमध्ये हे समोर दिसतं. वेग दाखवणारी पट्टी प्रत्यक्षात विमानावर आदळणाऱ्या हवेचा दाब मोजते. ३५ हजार फुटांवर ती २६५ नॉट्सच्या आसपास असते, आणि त्याच वेळी विमान हवेतून ४५० नॉट्सनं, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरनं चाललेलं असतं. पंखाला जाणवतो तो पहिला आकडा, दिल्ली जवळ येते ती दुसऱ्यानं. समुद्रसपाटीला पंखाला हेच जाणवायला ताशी ४६० किलोमीटर पुरे. मुंबई–दिल्ली हवाई अंतर साधारण ११४० किलोमीटर. चढउतार बाजूला ठेवली तर खालून अडीच तास, वरून दीड तासाच्या आत.

इथे इंजिनाचा स्वभाव कामी येतो. जेट इंजिन ढोबळमानानं रेट्याच्या आणि तासांच्या हिशोबानं इंधन पितं. ए३२० वर असताना तासाला अडीच टनांच्या आतबाहेर जाळतं. रेटा तेवढाच लागत असेल आणि तास कमी होत असतील, तर दर किलोमीटरचा खर्च उतरतो. शिवाय खालच्या दाट हवेत तेवढा रेटा द्यायला इंजिन बरंच मंद ठेवावं लागतं, आणि मंद चालणारं जेट इंजिन उधळं असतं. वरच्या हवेत ते ज्या फेऱ्यांसाठी घडवलंय त्याच्या जवळ चालतं. आणि खालूनच ताशी ८३० नं नेऊ म्हणाल, तर ते जमतच नाही. ए३२० च्या पट्टीवर ३५० नॉट्सची कमाल मर्यादा आहे. दाट हवेत ४५० नॉट्स म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर झेपणार नाही असा मारा.

थंडीचंही तसंच. इंजिन हवा आत ओढून आधी दाबतं. गार हवा दाबायला कमी श्रम पडतात. टर्बाइनला सोसेल त्या कमाल तापमानापर्यंत हवा तापवायची असते, आणि सुरुवात जितकी गार तितकी मधे जास्त जागा मिळते. एक मात्र सांगते, पुस्तकातलं उणे ५४ आपल्या आकाशात सहसा नसतं. मुंबईवर ३५ हजार फुटांना उणे ४० च्या आसपास असतं. पाहणाऱ्याला ते गारच, पण आमच्या लेखी ही गरम हवा. ती आणखी विरळ असते आणि इंजिनाचा जोरही कमी करते. भरलेलं विमान अशा दिवशी ३७ हजारांऐवजी ३५ किंवा ३३ हजारांवर ठेवावं लागतं.

म्हणजे जितकं उंच तितकं चांगलं, असं नाही. हवा फारच विरळ झाली की पंखाला भार पेलायला लागणारा किमान वेग वाढत जातो. वरून आवाजाच्या वेगाची मर्यादा आहेच. तिच्या फार जवळ गेलं की पंखावरची हवा विस्कटते आणि विमान थरथरू लागतं. या दोन मर्यादांमधली फट उंचीबरोबर अरुंद होते, आणि जड विमानाला ती लवकर अरुंद होते. म्हणून दर वजनाला त्याची अशी सर्वांत चांगली उंची असते. मुंबईहून लंडनला निघालेलं, इंधनानं जड झालेलं विमान आधी ३२-३४ हजारांवर राहतं आणि इंधन जळेल तसं टप्प्याटप्प्यानं वर चढतं. गोव्याच्या विमानाला तर एवढं वर जाणं परवडतच नाही, चढून होईस्तोवर उतरायची वेळ येते. एटीआरचं गणित निराळं, पंखेवाल्या इंजिनाला वेग कमी आणि उंचीही २५ हजारांच्या आतलीच सोयीची.

"खालून नेलं तर काय बिघडतं" याचा आकडा आम्हाला समुद्रावरून जाणाऱ्या उड्डाणांसाठी खरोखरच काढावा लागतो. मुंबई–दुबई घ्या. अरबी समुद्रावर केबिनमधला दाब गेला, तर ३५ हजार फुटांवर माणूस अर्धा ते एक मिनिटच शुद्धीवर राहून काम करू शकतो. वैमानिक लगेच ऑक्सिजन मास्क लावतात आणि विमान झपाट्यानं १० हजार फुटांवर आणतात. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बारा-पंधरा मिनिटंच पुरतो, त्यामुळे परत वर जाता येत नाही. उरलेला सगळा रस्ता खालूनच कापायचा, आणि तिथे दर किलोमीटरला इंधन जवळपास दीडपट लागतं.

म्हणून आराखड्यात एक बिंदू असतो, जिथून पुढे मस्कत आणि मागे मुंबई सारख्याच वेळाच्या अंतरावर असतात. वारा धरून तो रोज नव्यानं काढतात, कारण पश्चिमेचा वारा असला की तो मस्कतकडे सरकतो. नेमकं त्या बिंदूवर दाब गेला असं धरून, १० हजार फुटांवरून दोन्हीकडे जायला किती लागेल ते मोजायचं. ते नेहमीच्या इंधनात बसत नसेल तर तेवढं जास्त भरायचं.