आमची वाटचाल: अर्धवट सरकलेलं पार्टिशन

लातूरला गंजगोलाईच्या मागं एका छोट्या गाळ्यात २०११ साली आम्ही सुरुवात केली, ती प्रिंटरच्या कार्ट्रिज भरून देण्यापासून. पुढं विंडोज टाकून देणं आलं, क्लासेसचे कॉम्प्युटर आले आणि हळूहळू लोक गेलेला डेटा घेऊन येऊ लागले. त्या कामात मी सुरुवातीला एक मोठी चूक केली. कृषी सेवा केंद्राच्या एका मालकाची बिघडलेली डिस्क आली, तर मी थेट तिच्यावरच डिस्क दुरुस्त करणारं `chkdsk /f` चालवलं. बऱ्याच फाइल्सची नावं गेली आणि `found.000` फोल्डरमध्ये नुसते तुकडे उरले. उधारीची वही त्यातच होती. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

नंतर उदगीरकडचा एक फोटोग्राफर आला. त्याच्या १ टीबीच्या डिस्कवर सी आणि डी ड्राइव्हच्या मध्ये १०० जीबी जागा रिकामी पडली होती. ती डीला जोडायला त्यानं पार्टिशन सरकवणारं `GParted` लावलं. मोकळी जागा डाव्या बाजूला असली की डीचं ७०० जीबीचं अख्खं पार्टिशन सुरुवातीपासून उचलून १०० जीबी मागं सरकवावं लागतं. यूपीएस नव्हता. तीन तासांनी लाइट गेली.

"दादा, फोल्डर दिसतायत. हळदीचे फोटो उघडतात, पण लग्नाचा एकबी उघडंना."

त्याच्या या एका वाक्यानं मला धीर आला. फाइल्सची यादी सहसा पार्टिशनच्या सुरुवातीच्या भागात असते. ती नव्या जागी पोचली होती, म्हणून नावं दिसत होती. पुढच्या फाइल्स मात्र अजून जुन्या जागीच होत्या, त्यामुळं विंडोजनं जिथं शोधलं तिथं भलत्याच फाइलचा मजकूर होता. मी पहिलं विचारलं, "चालू करताना डिस्क तपासू का, असं विंडोजनं विचारलं का?" विचारलं होतं. फोटोग्राफरनं बटण दाबून ते थांबवलं होतं. ते चाललं असतं, तर न पटणाऱ्या नोंदी त्यानं 'दुरुस्त' केल्या असत्या आणि पुढचं सगळं अवघड झालं असतं.

आता मूळ डिस्कवर काहीच लिहायचं नाही, हा आमचा नियम होता. २ टीबीची नवी डिस्क घेतली आणि रात्रभर प्रत काढली:

```
ddrescue /dev/sdb disk.img disk.map
```

आता प्रश्न एकच होता: सरकवणं नेमकं कुठं थांबलं? डावीकडं सरकवताना पुढून सुरुवात होते, म्हणून नव्या जागी पोचलेला शेवटचा १०० जीबी भाग जुन्या जागीही तसाच शिल्लक असतो. त्याच्यावर काही लिहिलं जायची वेळच आलेली नसते. मी प्रतीतल्या दर जीबीला एक एमबीचा तुकडा घेतला आणि त्याच्या बरोबर १०० जीबी पुढच्या तुकड्याशी ताडून पाहिला. नुसत्या शून्यांचे तुकडे सोडून दिले, कारण ते कुठंही जुळतात. पार्टिशनच्या सुरुवातीपासून १९० जीबीपर्यंत काहीच जुळलं नाही. तिथून २९० जीबीपर्यंत सगळं जुळलं आणि पुढं पुन्हा जुळेना. म्हणजे लाइट गेली तेव्हा काम २९० वर होतं.

पण २९० च्या काठावर कापणं धोक्याचं. लाइट जाताना शेवटचं थोडं लिखाण डिस्कपर्यंत पोचलेलंच नसतं. जुळणाऱ्या पट्ट्यात दोन्हीकडं तेच आहे, तर त्यात कुठंही जोड देता येतो. मी मधला २४० धरला. पहिले २४० जीबी नव्या जागेतून, उरलेले ४६० जुन्या जागेतून:

```
dd if=disk.img of=d.img bs=1M skip=134144 count=245760
dd if=disk.img of=d.img bs=1M skip=482304 seek=245760 count=471040 conv=notrunc
mount -t ntfs-3g -o ro,loop d.img /mnt
```

हे आकडे त्या डिस्कचे आहेत. नवी सुरुवात १३४१४४ एमबीवर होती आणि जुनी तिच्या १०२४०० एमबी पुढं, आणि त्यातच २४० जीबी मिळवून ४८२३०४ आला. दुसऱ्याच्या डिस्कवर हे उतरवून चालणार नाही.

सगळ्यात आधी लग्नाचं फोल्डर उघडलं. अंतरपाटाचा फोटो पडद्यावर आला, अक्षतांचा एक-एक दाणा दिसत होता. फोटोग्राफर काही बोलला नाही, खुर्चीवर टेकला फक्त.

प्रत्येक वेळी असं होत नाही. पार्टिशन लहान करताना काम अडकलं, तर फाइल सिस्टीमच्या आतल्या आत तुकडे हलत असतात. तिथं असा सरळ जोड देता येत नाही, प्रतीवरून एकेक फाइल शोधावी लागते. आणि फक्त एक-दोन एमबी सरकवलं असेल, तर जुळणारा पट्टाही तेवढाच अरुंद असतो.

म्हणून आता डिस्क घेताना आम्ही पावतीवर तीन गोष्टी लिहून घेतो: कुठल्या बाजूला सरकवत होतात, किती, आणि नंतर काय काय चालवलं. फोटोग्राफरच्या त्या डिस्कवर काही खराब सेक्टर निघाले. वरातीच्या एका व्हिडिओत काही क्षण चित्र फुटतं, ते मात्र आम्हाला परत आणता आलं नाही.